मेल थ्रेडची एकच पीडीएफ करताय? मग या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचं टेरेसच्या वॉटरप्रूफिंगवरून कॉन्ट्रॅक्टरशी वाजलं, आणि फोर्टमधल्या वकीलबाईंनी सांगितलं की सगळा पत्रव्यवहार तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये आणा. २३ मेल, १४ अटॅचमेंट. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, दोन रविवार गेले.

पहिली चूक म्हणजे जीमेलमध्ये `Print all` दाबून पीडीएफ सेव्ह केली आणि झालं म्हणून मोकळा झालो. त्यात मेल जुन्यापासून नव्यापर्यंत नीट लागतात खरे, पण अटॅचमेंटचं फक्त नाव आणि साइज छापून येते, आतलं कोटेशन किंवा फोटो काही येत नाही. शिवाय जागोजागी `[Quoted text hidden]` असं दिसतं. मूळ मेल आधीच फाइलमध्ये असेल तर त्याने काही बिघडत नाही, पण आमच्या खजिनदारांना मधूनच सीसीमध्ये घेतलं होतं, त्यामुळे त्यांच्या इनबॉक्समध्ये आधीचे मेल नव्हतेच, ते फक्त त्या लपलेल्या मजकुरात होते. असा मेल असेल तर तीन टिंबांवर जाऊन `Download message` करा, ती .eml फाइल थंडरबर्डमध्ये उघडा आणि तिथून प्रिंट टू पीडीएफ करा.

आणि हो, थ्रेड एकच आहे हे गृहीत धरू नका. कोणी सब्जेक्ट बदलला की जीमेल नवीन थ्रेड करतं, १०० मेलच्या वर गेलं तरी तोडतं. कॉन्ट्रॅक्टरने मध्येच सब्जेक्टमध्ये "अर्जंट" घातलं होतं, तिथले चार मेल माझे राहिलेच होते, म्हणून समोरच्याच्या मेल आयडीने सर्च मारून मोजून घ्या.

आता खरी डोकेदुखी, क्रम. मी फोल्डर `Date modified` ने लावला आणि सगळी उलटापालट, कारण ती तारीख मी डाउनलोड केल्याची होती. मग नावात 12-06-2024 अशी तारीख टाकली, तर जूनची 12 तारीख मेच्या 20 तारखेच्या आधी येऊन बसली, कारण कॉम्प्युटर नाव डावीकडून वाचतो. वर्ष, महिना, दिवस, मग २४ तासांची वेळ, याच ओळीने लिहा.

वेळ कुठून घ्यायची यातही फसलो. .eml नोटपॅडमध्ये उघडून बघितली तर आमच्या रिमाइंडरवर `Tue, 11 Jun 2024 23:10:00 +0530` आणि त्याच्या उत्तरावर `Tue, 11 Jun 2024 19:05:00 +0000`. नुसते आकडे बघितले तर कॉन्ट्रॅक्टरने रिमाइंडर यायच्या चार तास आधीच उत्तर दिलंय! पण `+0000` म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे आपल्याकडे १२ जूनचे रात्रीचे १२.३५ वाजले होते. सगळ्या वेळा आपल्या घड्याळात आणून मगच नाव द्या:

```
20240611-2310_00_mail.pdf
20240611-2310_01_photo.pdf
20240612-0035_00_mail.pdf
20240612-0035_01_quotation.pdf
```

अटॅचमेंटला तिच्या मेलचीच तारीख-वेळ द्यायची, कागदावरची नाही. ते कोटेशन ३ जूनचं होतं, मी ते ३ जूनला लावलं तर बाई म्हणाल्या, "अहो, हे तुम्हाला मिळालं कधी ते यात दिसतच नाही."

पीडीएफ करताना एक्सेल बघून घ्या, फिट टू विड्थ केलं नाही तर रकमेचा कॉलम भलत्याच पानावर जातो. जुन्या मराठी फॉन्टमधलं वर्डचं पत्र असेल आणि तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अक्षरांची नुसती खिचडी दिसते, ज्याने पाठवलंय त्याच्याकडूनच पीडीएफ मागवा. पासवर्डवाली पीडीएफ मर्ज होताना अडते. डिजिटल सहीवाली मर्ज होते पण सही व्हेरिफाय होत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपा. २५ एमबीच्या वरच्या फाइल जीमेल ड्राइव्हच्या लिंकने पाठवतं, त्या .eml मध्ये नसतात, वेगळ्या उतरवा, आणि समोरच्याने लिंक बंद करायच्या आत.

मर्जसाठी फुकटच्या वेबसाइटवर सोसायटीचे कागद चढवू नका बाबांनो. मॅक किंवा लिनक्सवर qpdf टाकलं असेल तर त्या फोल्डरमध्ये जाऊन एवढंच:

```
qpdf --empty --pages *.pdf -- ../patravyavahar.pdf
```

ते `../` विसरू नका. मी विसरलो होतो, दुसऱ्यांदा वेगळ्या नावाने कमांड चालवली तर आधीची तयार फाइलपण शेवटी चिकटली आणि १४६ पानांची २९२ झाली. म्हणून मर्जच्या आधी सगळ्या फाइलींची पानं बेरीज करून लिहून ठेवतो आता, मर्ज झाल्यावर आकडा जुळला तरच पान नंबर टाकतो आणि मग सुरुवातीला अनुक्रमणिका जोडतो.