घसा बधिर करणारी गोळी आणि फवारा: मोठ्यांनी कसा वापरावा, लहानांना का देऊ नये

चवथीला आमच्या मूळ घरी तीस-पस्तीस माणसं जमतात. बाहेर पाऊस, आत घुमटवादन आणि आरत्या, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या घराला सर्दी. मग कुणीतरी फोंड्याला जाऊन फार्मसीतून घशाच्या गोळ्या आणतं आणि त्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांसारख्या उघड्या पडतात. दरवर्षी मी त्या उचलून कपाटावर ठेवते आणि दरवर्षी ‘अगं, साधी गोळी तर आहे’ हे ऐकून घेते.

१. पाकीट उलटं करा. पुढे लिंबू-मधाचं चित्र असतं, कामाचं सगळं मागे. घटकाच्या नावाच्या शेवटी ‘केन’ आला, म्हणजे बेंझोकेन, लिडोकेन किंवा लिग्नोकेन (शेवटची दोन एकाच औषधाची नावं), तर ती खरी बधिर करणारी गोळी. दात काढताना डॉक्टर टोचतात ते औषध याच कुळातलं. नसांच्या टोकांवर ते दुखण्याचा निरोप अडवतं, बस. सर्दीचा विषाणू आहे तिथेच राहतो आणि सर्दी तिच्या ठरल्या वेळेलाच जाते. बेन्झिडामिनच्या नावात ‘केन’ नाही, पण त्यानेही घसा थोडा बधिर होतो. नुसतं मेंथॉल असेल तर गार वाटतं. दातांच्या इंजेक्शनने कधी अंगावर पित्त उठलं असेल, तर ‘केन’वाली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

२. चघळा, चावू नका. हळूहळू विरघळू द्या. पुढची गोळी पाकिटावर लिहिलेल्या अंतरानेच.

३. त्यानंतरचा अर्धा ते एक तास. सगळे चुकतात ते इथे, आणि मीही चुकले होते. गोळी तोंडात टाकायची, दुखणं थांबलं की ‘चला, आता जेवून घेऊ’ म्हणायचं. दुखतं म्हणून जेवता येत नाही, म्हणून गोळी, म्हणून लगेच जेवण, हा हिशोब बरोबर वाटतो. तो चुकीचा आहे.

एका पावसाळ्यात मी बेंझोकेनची गोळी संपवून पाच मिनिटांत पानावर बसले. तारल्यांचं हुमण होतं. तारल्यांचे काटे किती बारीक, ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. जीभ ते आपोआप हुडकते, आपण फक्त बाजूला काढतो. त्या दिवशी जिभेला काही कळलंच नाही. भात गिळला, ताक प्यायले, हात धुतला. अर्ध्या तासाने घशाला जाग आली तेव्हा डाव्या बाजूला काटा टोचत होता. दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने काढला आणि विचारलं, ‘गिळताना समजलं नाही?’ काय सांगणार! याच रीतीने लोक कढत चहाने टाळू भाजून घेतात, गाल आतून चावतात, पाणी श्वासनलिकेकडे गेलं तरी वेळेवर खोकत नाहीत.

म्हणून माझा नियम: आधी जेवण, मग गोळी. कोमट पेज घ्या, मीठ-पाण्याने गुळण्या करा आणि मग गोळी तोंडात टाका. संवेदना पूर्ण परत येईपर्यंत खाणं-पिणं बंद. आली की नाही हे ओळखायला जीभ टाळूला घासून बघा. टाळू खरबरीत लागली की झालं. झोपताना गोळी तोंडात ठेवून आडवं होऊ नका.

४. फवारा. तोंड उघडा, श्वास रोखा, घशाच्या मागच्या भिंतीवर मारा. फवारताना आत श्वास ओढलात तर औषध खाली जातं आणि खोकल्याची उबळ येते. एक इशारा मात्र जोरात: १० टक्के लिग्नोकेनचा फवारा घशात दुर्बीण घालण्यापूर्वी डॉक्टर वापरतात. त्याच्या एका दाबात १० मिलिग्रॅम औषध असतं. मला एका दुकानात ‘हा जास्त स्ट्राँग, बाय’ म्हणून तोच पुढे केला होता. मी परत दिला. १० किलो वजनाच्या बाळाला तीन-चार दाबांतच धोक्याची हद्द लागते, त्यापुढे झटके येऊ शकतात.

५. मुलं. आता अर्ध्या तासाची ती शिस्त साडेतीन वर्षांच्या पोराकडून पाळून घ्या बघू. ते चावणार, हसणार, धावणार, आणि गोळी घशात. बहुतेक पाकिटांवर सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. ‘अर्धी करून देते’ हा आमच्या घरातला लाडका उपाय. अर्ध्या गोळीला धार येते आणि लहान श्वासनलिकेत ती आणखी नीट बसते. फवारा मारताना लहान मूल रडतं, म्हणजे नेमका मोठा श्वास आत घेतं.

बेंझोकेनची आणखी एक गोष्ट आहे. क्वचित, पण विशेषतः दोन वर्षांखालच्या बाळांत, ते रक्तातलं हिमोग्लोबिन बदलून टाकतं आणि ते ऑक्सिजन पेशींना पोचवत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या बाळांच्या हिरड्यांना लावायची बेंझोकेनची औषधं विकणं थांबवायला सांगितलं ते याचसाठी. तेव्हा दात येताना लावायचं जेल घशासाठी वापरायची कल्पनाही नको.

मग द्यायचं काय? गेल्या चवथीला भाच्याचा घसा दुखत होता. वय साडेतीन, वजन १४ किलो, नाक वाहतंय, ताप थोडा. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २१०. घरात दोन बाटल्या होत्या: एकीत ५ मिलीमध्ये १२०, दुसरीत २५०. नाव तेच, खोकं जवळपास तसंच. २५० वालीचे ४ मिली दिले म्हणजे २०० झाले. हेच ४ मिली १२० वालीतून दिले असते तर अर्ध्याहून कमी पडले असते. पुढचा डोस सहा तासांनी. त्याशिवाय अर्धा चमचा मध (एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही), कोमट पेज, आणि आजीचा विरोध पत्करून दोन चमचे आइस्क्रीम. गारव्याने घसा सुखावतो, सर्दी वाढत नाही. तासाभरात तो पेज मागून प्यायला.

दुखणं दाबत बसू नये असे प्रसंगही आहेत. मूल लाळ गिळेनासं झालं, तोंड उघडत नाही, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो, तर लगेच दवाखाना. नाक-खोकला काही नाही, फक्त ताप आणि गिळताना कळ, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. तो जंतूंचा घसा असू शकतो आणि तसाच सोडला तर पुढे हृदयाच्या झडपांवर बेतू शकतो.

आणि मुलाने गोळी आधीच खाल्ली असेल तर दोन तास नजर ठेवा. ओठ किंवा नखं निळसर-राखाडी, मूल मलूल, धाप. घरातल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, अशा वेळी तो ८५ च्या आसपास अडकून चुकीचा आकडा दाखवतो. ही लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करा, किंवा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ असेल तर थेट तिथे. जाताना रिकामं पाकीट खिशात घ्या, कारण काय आणि किती खाल्लं हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.