वृद्ध हातांवरचे काळपट-जांभळे डाग: कारण औषधात आहे का, हे कसे ओळखावे

वय सत्तरीकडे झुकले की कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर आणि हाताच्या पंजाच्या वरच्या बाजूला गडद जांभळे, कडा स्पष्ट असलेले डाग उमटू लागतात. कुठे आपटल्याचे आठवत नाही, डाग दुखत नाही, आणि तरीही तो दोन-तीन आठवडे तसाच राहतो. या प्रकाराची नोंद थॉमस बेटमन या इंग्रज वैद्याने 1818 मध्येच केली होती. अनेक वर्षांच्या उन्हाने आणि वयामुळे त्वचेच्या आतल्या थरातले कोलेजन कमी होते, त्यामुळे तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही. मग बाही ओढली किंवा कुणी उठवताना दंड धरला तरी एखादी वाहिनी फुटते आणि रक्त त्वचेतच पसरते. हे डाग मुळात निरुपद्रवी असतात. मात्र ते अचानक वाढले, तर त्यामागे बहुधा एखादे औषध असते, आणि ते औषध शोधण्याची रीत पुढे दिली आहे.

आधी डाग नीट पाहा

चांगल्या उजेडात दोन्ही हात पाहा आणि पारदर्शक पेला डागावर हलकेच दाबा. रक्त वाहिनीबाहेर आलेले असल्याने डाग पेल्याखाली फिका होत नाही. फिका झाला, तर तो साधा लालसरपणा आहे आणि हा लेख त्याविषयी नाही. मार लागून झालेला नेहमीचा काळा-निळा वण हिरवट, मग पिवळसर होत जातो. पातळ त्वचेवरचे हे डाग मात्र बहुधा तो रंगबदल दाखवत नाहीत. ते जांभळेच राहून हळूहळू विरतात आणि मागे तपकिरी छटा ठेवतात. ती छटा महिनोन्‌महिने राहू शकते, म्हणून जुनी तपकिरी खूण आणि नवा जांभळा डाग वेगळे मोजावेत. डागांचे छायाचित्र दर आठवड्याला तारखेसह काढून ठेवले, तर 'वाढले आहेत' या भावनेला पुरावा मिळतो.

मग औषधांची यादी तारखांसकट लिहा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण अर्धवट करतात. यादीत केवळ डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या येतात; दम्याचा पंप, खाजेसाठी लावायचे मलम, स्वतःहून घेतलेली वेदनाशामक गोळी आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल यांना लोक औषध मानत नाहीत. प्रत्येक वस्तूपुढे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहावी. त्याच कागदावर डाग पहिल्यांदा केव्हा दिसले आणि केव्हा वाढले, हेही नोंदवावे.

तारखा जुळवताना औषधांचे दोन गट करा

पहिल्या गटातील औषधे रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, अॅपिक्सॅबॅन व रिव्हरॉक्सॅबॅन, तसेच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके त्यात येतात. लोकांच्या लक्षात सहसा न येणारा सदस्य म्हणजे नैराश्यावरच्या सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन या गोळ्या, कारण रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींना त्या कामासाठी लागणारे सेरोटोनिन त्या कमी करतात. या गटामुळे होणारा बदल साधारणपणे दिवसांत किंवा काही आठवड्यांत दिसतो.

दुसरा गट स्टेरॉइडांचा आहे. ही औषधे रक्त गोठण्यात अडथळा आणत नाहीत, ती त्वचाच पातळ करतात. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, मोठ्या मात्रेचा स्टेरॉइड पंप आणि हातावर दीर्घकाळ लावलेले क्लोबेटासोलसारखे तीव्र मलम हे सर्व इथे मोडतात. यांचा परिणाम महिन्यांनी आणि वर्षांनी साचतो, त्यामुळे सुरुवातीची तारीख आणि डागांची तारीख एकमेकींजवळ नसली, तरी स्टेरॉइडवरचा संशय सोडू नये. दोन्ही गटांतील औषधे एकत्र चालू असतील, तर डाग सर्वांत जास्त दिसतात.

एक उदाहरण समजा. 76 वर्षांच्या आजी हृदयविकारानंतर पाच वर्षांपासून रोज 75 मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेत आहेत आणि तीन वर्षांपासून त्यांना स्टेरॉइडचा पंप आहे. पूर्वी हातावर महिन्याला एखादा डाग असायचा; गेल्या दोन महिन्यांत एका वेळी सहा-सात दिसू लागले. घरच्यांनी अॅस्पिरिनला दोष दिला, पण ते पाच वर्षे जुने असल्याने एवढा ताजा बदल एकट्याने घडवणार नाही. पंपाने त्वचा हळूहळू नाजूक केली असावी, आणि तीही पूर्वीपासून. यादीच्या शेवटी मात्र दहा आठवड्यांपूर्वी गुडघ्यासाठी स्वतःहून सुरू केलेली आयबुप्रोफेनची गोळी सापडली. वेळ तिचीच जुळते. शिवाय ती अॅस्पिरिनसोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि अॅस्पिरिनचे हृदयासाठीचे संरक्षणही कमी होऊ शकते, म्हणजे डाग हा इथे त्याहून मोठ्या धोक्याचा इशारा ठरला. डॉक्टरांनी रक्ततपासणीत प्लेटलेट पुरेशा असल्याची खात्री केली, आयबुप्रोफेन थांबवून दुसरा उपाय दिला आणि अॅस्पिरिन चालूच ठेवले. महिन्याभराने नवे डाग कमी झाले, पण शून्य झाले नाहीत. त्वचा पातळच असल्याने तेवढीच अपेक्षा ठेवणे योग्य आहे.

डॉक्टरांकडे जा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका

हृदय किंवा मेंदूच्या विकारासाठी दिलेले रक्त पातळ करणारे औषध डागांमुळे सोडले, तर गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइड गोळ्याही एकदम थांबवता येत नाहीत, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावलेले असते. बाहेरून आणलेल्या वेदनाशामक गोळीबद्दल मात्र पुढची गोळी घेण्यापूर्वीच विचारावे. वॉरफॅरिन घेणाऱ्याला अलीकडे मेट्रोनिडॅझोल किंवा को-ट्रायमॉक्साझोलसारखे प्रतिजैविक दिले असेल, तर वॉरफॅरिनचा प्रभाव वाढू शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आयएनआर तपासणीविषयी विचारावे.

केव्हा थांबायचे नाही

डाग केवळ हातांवर असतील, तर बहुधा घाई नसते. पोट, पाठ किंवा मांड्यांवर विनाकारण डाग येणे, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य लाल ठिपके दिसणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे ही लक्षणे प्लेटलेट कमी झाल्याची असू शकतात. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काळी डांबरासारखी शौच झाली, डाग फुगून घट्ट व दुखरा होत गेला, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर थेट रुग्णालयात जावे. दंडावर बोटांच्या ठशांसारखे डाग वारंवार दिसत असतील, तर त्या व्यक्तीला एकांतात, प्रेमाने, कुणी जोरात धरते का हेही विचारले पाहिजे.

त्वचा फाटली तर

याच पातळ त्वचेची पापुद्र्यासारखी साल निघते. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, साध्या पाण्याने धुऊन सैल झालेली साल हळुवारपणे जागेवर सरकवावी आणि तिच्यावर पेट्रोलियम जेली लावलेली, न चिकटणारी पट्टी ठेवून कापडी बँडेजने गुंडाळावे. चिकटपट्टी थेट त्वचेवर कधीही लावू नये. ती काढताना नवी जखम होते. दहा मिनिटे सतत दाबूनही रक्त थांबले नाही, तर वैद्यकीय मदत घ्यावी.