१,४८० रुपयांचा फरक कसा सापडला

आईच्या खात्याच्या स्टेटमेंटची चार पानं मोबाईलवर फोटो काढून गूगल लेन्सने मजकुरात बदलली आणि शीटमध्ये टाकली. सुरुवातीच्या शिलकेतून नावे वजा केले, जमा मिळवले. उत्तर आलं १७,२८४.५०, छापील अखेरची शिल्लक मात्र १८,७६४.५०. फरक १,४८०.

आधी मी १,४८० ची नोंद शोधत बसले. ती नव्हतीच. मग प्रत्येक ओळीची छापील शिल्लकही E रकान्यात घेतली (C नावे, D जमा) आणि तिसऱ्या ओळीपासून खाली ओढलं:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

ओळ बरोबर असेल तर शून्य येतं. एकाच ठिकाणी -१४८० आलं. तिथे ७४० रुपयांचा रिफंड होता. फोटो तिरका असल्याने तो जमेऐवजी नावे रकान्यात सरकला होता. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम फरकात नेहमी दुप्पट दिसते, म्हणून आता मी आधी फरकाचं निम्मं शोधते. फरकाला नऊने भाग जात असेल तर ५४० चं ४५० असे अंक उलटे पडलेत का, तेही पाहते.

शिल्लक जुळली तरी खर्चाचं वर्गीकरण बरोबर आहे असं नाही. किराणा, औषधं, वीजबिल अशा प्रत्येक गटाची `SUMIF` ने बेरीज करून ती एकूण नावे रकमेशी ताडली. २,००० कमी पडले: आरडीचा हप्ता कुठल्याच गटात नव्हता. तो खर्च नव्हे, बचत. त्याला वेगळा गट दिला.