ऐनवेळची गैरहजेरी आणि डबल ड्युटी

आमच्या पुण्यातल्या हॉस्पिटलात संध्याकाळी 7 ला फोन यायचा, "सिस्टर, ताप आलाय, नाईटला जमणार नाही." मग सकाळपासून उभ्या असलेल्या मुलीलाच थांबवायचे. मला ते बघवेना.

हजेरीपट चाळला. एका नाईटला बहुधा एकच गैरहजर असायची. म्हणून 4 सिस्टर कुठल्याच वॉर्डला न बांधता राखीव ठेवल्या. प्रत्येकी दोन वॉर्ड शिकली. तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचा, म्हणजे क्रॅश कार्टचा, हवा तो कप्पा न शोधता उघडला, तरच यादीत नाव.

तरी एक चूक झालीच. राखीव सिस्टर दिवसा मोकळी दिसली की वॉर्ड तिला ओढायचे आणि रात्री तिचीच विश्रांती मोडायची. आता नाईटची राखीव दिवसा घरीच असते. रोस्टरवर 'मागची ड्युटी कधी सुटली' हा रकाना आहे. 11 तास भरले नसतील तर फोन पुढचीला. आयसीयूसाठी मात्र तिथलीच राखीव लागते.