परदेशी ग्राहकाचा ईसीएन परचेसवाल्या भाऊंना कसा समजवावा

ईसीएन म्हणजे डिझाईनमधला बदल कळवणारा ग्राहकाचा कागद. त्याची पीडीएफ नुसती फॉरवर्ड करू नका. जुना आणि नवा बीओएम छापून घ्या, बदललेली ओळ रंगवा आणि भाऊंच्या टेबलावर शेजारी बसून बोला. देवळी एमआयडीसीतला एखादा फॅब्रिकेशन कारखाना जर्मन ग्राहकाच्या २०० फ्रेम करतोय, असं धरू.

आधी बीओएम. एका फ्रेमला काय आणि किती लागतं, एवढंच त्यात असतं. भाऊंना आकडे वाचून दाखवा, कारण जर्मन माणूस दशांशाला स्वल्पविराम देतो. रबर पट्टीसमोर १,५०० आणि एकक मीटर दिसलं, तर ते दीड मीटर आहे, दीड हजार नाही. २०० फ्रेमला ३०० मीटर पट्टी पुरते.

आता ईसीएन. समजा तो सांगतो की एम१२ बोल्ट ८.८ ग्रेडऐवजी १०.९ ग्रेडचा घ्या, फ्रेम नंबर १२१ पासून. इथे तारीख नाही, फ्रेमचा नंबर महत्त्वाचा. हा हिशेब भाऊंसमोर कागदावरच करा. ६० फ्रेम झाल्या आहेत. ६१ ते १२० या ६० फ्रेमना जुनाच बोल्ट, प्रत्येकी ४, म्हणजे २४० नग. स्टोअरला ३२० पडले आहेत, म्हणजे ८० उरणार. आणि नागपूरच्या डीलरकडे ८.८ चे आणखी ६०० नग सांगून ठेवलेले असतील, तर त्यातला एकही लागणार नाही. म्हणून भाऊंचा पहिला फोन ती ऑर्डर थांबवायला, दुसरा १०.९ चे ३२० नग मागवायला.

उरलेल्या ८० नगांचं काय करायचं, हे ईसीएनमध्ये जुन्या मालाच्या रकान्यात पाहा. तिथे काही लिहिलं नसेल तर ग्राहकाला मेल टाका, अंदाज करू नका. उत्तर येईपर्यंत ते वेगळ्या बिनमध्ये, लेबल लावून. साईझ तीच असल्यामुळे बोल्ट हातात घेऊन फरक कळत नाही. डोक्यावर उठवलेला आकडा वाचला तरच कळतो, आणि माल उतरवून घेताना स्टोअरने तोच वाचावा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ईसीएनमध्ये न लिहिलेल्या वस्तूची. १०.९ च्या बोल्टला ८ ग्रेडचा नट चालत नाही, १० लागतो. पूर्ण ताकदीने आवळला तर कमी ग्रेडच्या नटाचे आटे सुटू शकतात. ईसीएनमध्ये फक्त बोल्टचीच ओळ असेल, तर त्याच मेलमध्ये नट आणि वॉशरबद्दल विचारून घ्या, आणि उत्तर येईपर्यंत भाऊंना नटाची ऑर्डर थांबवायला सांगा.

शेवटी पीओ. त्यावर ‘एम१२ बोल्ट’ एवढंच लिहिलं, तर डीलर हाताशी असेल तो देईल. ग्रेड, कोटिंग, ग्राहकाचा पार्ट नंबर आणि नवी रिव्हिजन, चारही पीओवरच हवेत. ग्रेडचं टेस्ट सर्टिफिकेट मालासोबत यावं, असंही तिथेच लिहून टाका.