गॅसची ज्योत पिवळी दिसतेय? आधी या चुका टाळा

पहिली चूक बघण्यातलीच असते. पिवळ्या बल्बखाली किंवा खिडकीतून ऊन येत असताना ज्योतीचा रंग नीट कळत नाही. पंखा चालू असला तर ज्योत वाकते आणि निरोगी ज्योतही आजारी वाटते. म्हणून संध्याकाळी दिवा आणि पंखा बंद करा, बर्नरवर भांडं न ठेवता गॅस मोठा करा, मिनिटभर थांबा आणि मग बघा.

चांगल्या ज्योतीत बर्नरच्या प्रत्येक भोकावर एक छोटा, ठसठशीत, किंचित हिरवट निळा सुळका दिसतो आणि त्याभोवती फिकट निळं आवरण असतं. ज्योत भोकाला टेकून उभी असते, लवलवत नाही. पिवळी टोकं आली की हा सुळका लांब आणि मऊ होतो, त्याची कड पुसट होते आणि शेंडा समईच्या वातीसारखा दिसू लागतो.

हे साम्य वरवरचं नाही. समईत तेलाच्या वाफेत आधी हवा मिसळलेली नसते, तिला बाहेरूनच हवा मिळते. ती पुरत नाही, तेव्हा कार्बनचे बारीक कण तयार होतात आणि तापून पिवळे चमकतात. शेगडीत मात्र जेट नावाच्या छोट्या तोंडाच्या बारीक भोकातून वेगाने सुटणारा गॅस शेजारच्या मोकळ्या जागेतून हवा ओढून घेतो, नळीत दोन्ही मिसळतात आणि ते मिश्रण बर्नरवर पेटतं. ही आधी मिसळणारी हवा कमी पडली की शेगडी समईसारखी वागू लागते. न जळलेले कण भांड्याच्या बुडाला चिकटतात, तीच काजळी. म्हणून पिवळं टोक दिसलं की शोधायचं ते एवढंच: हवा कुठे कमी पडतेय, किंवा गॅस कुठे जास्त येतोय.

पण त्याआधी नारिंगी आणि पिवळा यांतला फरक ओळखा, कारण इथे बरेच जण उगाच घाबरतात. दूध उतू गेलं, मीठ सांडलं, शेजारी पीठ चाळलं की ज्योतीत नारिंगी झाक किंवा ठिणग्या येतात. मीठ-दुधाच्या बाबतीत तो रंग त्यांतल्या सोडियमचा असतो. तो येतो-जातो, सगळ्या ज्योतीभर पसरतो आणि बर्नर स्वच्छ केला की नाहीसा होतो. खरं पिवळं टोक शेंड्यालाच असतं आणि तिथेच टिकून राहतं. शंका असेल तर घासलेल्या स्टीलच्या पातेल्यात अर्धं पाणी घेऊन पाच मिनिटं मोठ्या आचेवर ठेवा. गार झाल्यावर कोरड्या पांढऱ्या फडक्याने बूड पुसा. फडकं काळं झालं तर काम आहे. सुरुवातीला बुडाला येणारा ओलावा मोजू नका, गॅस जळताना पाण्याची वाफ होतेच.

सिलिंडर संपत आला की ज्योत लालसर-पिवळी होते, हे घरोघरी माहीत असतं. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन लवकर वाफ होऊन निघून जातो, शेवटी ब्युटेन जास्त उरतो. प्रोपेनच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे 24 भाग हवा लागते, ब्युटेनला सुमारे 31. शेगडी तीच, हवेची वाट तेवढीच, म्हणून टोकं पिवळी. नवा सिलिंडर लावल्यावर रंग सुधारला तर शेगडीला हातही लावू नका.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी मात्र नवा सिलिंडर लावूनही काही फरक पडला नाही. "दादा, इथला गॅसच भेसळीचा आहे," असं ती फोनवर म्हणाली. कढईचं बूड दोन दिवसांत काळं होत होतं. तिने बर्नर घासून धुतले आणि ओलेच बसवले, त्यामुळे भोकांत पाणी राहून ज्योत आणखी तुटक झाली. मग कोणीतरी सांगितलं म्हणून तिने जेटमध्ये सुई घातली.

ही सुई सगळ्यात महागात पडते. जेट पितळेचा असतो, त्याचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं आणि पितळ मऊ असतं. सुईने भोक जरासं रुंद झालं तरी गॅस जास्त सुटतो. हवेच्या वाटा मात्र तेवढ्याच राहतात, म्हणजे ज्योत अजून पिवळी. रुंद झालेलं भोक पुन्हा लहान होत नाही, जेटच बदलावा लागतो. बर्नरची भोकं टाचणीने मोकळी करणं निराळं, ते चालतं.

मी तिला एकच प्रश्न विचारला: "एक बर्नर पिवळा आहे की दोन्ही?" हा प्रश्न सगळ्यांनीच आधी विचारावा. एकच बर्नर बिघडला असेल तर दोष त्याच्यापाशी असतो: वरची टोपी वाकडी बसली आहे, भोकं बुजली आहेत, किंवा खालच्या नळीत कोळ्याचं जाळं, झुरळाची अंडी, तेलकट धूळ अडकली आहे. नळी आतून बघायला लोक विसरतात, आणि बंद घरात बरेच दिवस पडून राहिलेल्या शेगडीत नेमकं तिथेच काहीतरी सापडतं. दोन्ही बर्नर सारखेच पिवळे असतील तर कारण दोघांना सामाईक असतं.

तिचे दोन्ही पिवळे होते, सुई घालण्याआधीपासून. कारण तिच्याच बोलण्यातून निघालं. ती मुंबईहून साताऱ्याला राहायला गेली होती आणि शेगडी मुंबईचीच होती, पाइपच्या गॅसवर चालणारी. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहून कमी असते आणि तो कमी दाबाने येतो, म्हणून त्याच्या शेगडीला मोठ्या भोकाचे जेट बसवतात. त्याच जेटमधून सिलिंडरचा गॅस सोडला की तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतो. गॅसमध्ये काहीही भेसळ नव्हती.

तिने शेगडी वापरणं थांबवलं. एजन्सीच्या मेकॅनिकने एलपीजीचे जेट बसवले, जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासली, आणि पातेल्याच्या चाचणीत फडकं पांढरं राहिलं. जेट बदलणं हे घरी करून बघायचं काम नाही. गळती पाहायला काडी तर कधीच ओढू नका. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दिव्याच्या बटणांना हात लावू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 वर फोन करा.

रंगावर किती विसंबायचं, यालाही मर्यादा आहे. गॅस अर्धवट जळला की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. निळ्या ज्योतीवर मोठं, गार पाण्याचं पातेलं अगदी खाली टेकलं तर ज्योत मध्येच विझल्यासारखी होते आणि तो वायू तयार होऊ शकतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरची ज्योत सुरू करताना छान निळी असते. खोलीतला ऑक्सिजन कमी होत गेला की ती बिघडते, आणि त्या वेळी आंघोळ करणाऱ्याचं लक्ष ज्योतीकडे नसतं. म्हणून स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा, बाथरूममध्ये गॅस गीझर बसवू नका, आणि डोकं जड झालं, मळमळलं तर ज्योतीचा रंग बघत बसू नका, आधी मोकळ्या हवेत जा.