लसीकरणाचा तक्ता करताय? या चुका टाळा

बाळ झालं की पहिल्या पंधरा दिवसांत घरातलं कुणीतरी उत्साहाने लसीकरणाची शीट बनवतं. जन्मतारीख टाकायची, कार्डावरचं वेळापत्रक बघून सगळ्या तारखा एका बैठकीत काढायच्या, मोबाइलवर रिमाइंडर लावायचे. अर्ध्या तासात काम होतं आणि सहा महिन्यांत ती शीट निरुपयोगी ठरते. नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच जणांच्या अशा शीट मी दुरुस्त करून दिल्या आहेत. चुका फिरून फिरून त्याच असतात.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे सगळ्या तारखा जन्मतारखेवरून मोजणं. पहिल्या डोसला ते बरोबरच आहे. पुढच्या डोसची तारीख मात्र दोन गोष्टींवर ठरते: बाळाचं वय आणि आधीचा डोस प्रत्यक्षात कधी दिला ती तारीख. दोन डोसांमध्ये किमान अंतर लागतं, आणि पहिल्या काही महिन्यांतल्या बऱ्याच लसींसाठी ते चार आठवडे असतं. त्याआधी दिलेला डोस बहुतेक वेळा धरलाच जात नाही, पुन्हा द्यावा लागतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी हेच झालं. बाळाचा जन्म 8 जानेवारी 2024 चा. वेळापत्रक सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचं, म्हणून शीटमध्ये 19 फेब्रुवारी, 18 मार्च आणि 15 एप्रिल अशा तारखा पक्क्या बसल्या होत्या. पहिला डोस वेळेवर झाला. दुसऱ्याच्या वेळी बाळाला चांगलाच ताप होता, मग घरात आजारपण निघालं आणि तो डोस 4 एप्रिलला मिळाला. शीटला त्याचा पत्ताच नव्हता. तिने 15 एप्रिलला इमानदारीत रिमाइंडर दिला आणि बहीण अर्धा दिवस रजा टाकून बाळाला घेऊन गेली. नर्सने कार्ड पाहिलं, बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "ताई, अजून अकराच दिवस झालेत. 2 मेच्या आधी देता येणार नाही." त्या नर्सने कार्ड नीट वाचलं म्हणून डोस वाया गेला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही शीट नव्याने मांडली. जन्मतारीख G1 मध्ये. B मध्ये वय दिवसांत, C मध्ये आधीच्या डोसपासूनचं किमान अंतर दिवसांत, D मध्ये डोस प्रत्यक्षात दिल्याची तारीख आणि E मध्ये पुढची तारीख. तिसरा डोस चौथ्या ओळीत असेल तर E4 मध्ये हे सूत्र:

```
=IF(D3="","",MAX($G$1+B4,D3+C4))
```

B4 मध्ये 98 आणि C4 मध्ये 28 टाका. 15 एप्रिल आणि 2 मे यांतली उशिराची तारीख ते आपोआप दाखवतं. दुसरा डोस झालाच नसेल तर तिसऱ्याची जागा कोरी राहते. लोकांना ती कोरी जागा बघवत नाही, अंदाजाने तारीख भरून टाकतात. भरू नका. आधीचा डोस झाल्याशिवाय पुढची तारीख ठरतच नाही. आणि C मधला आकडा सगळीकडे 28 ठेवू नका. काही डोसांमध्ये आठ आठवडे, काहींत सहा महिने लागतात. आपल्या कार्डावरचा आकडा डॉक्टरांना विचारूनच भरा.

उलट बाजूची भीतीही सांगते. डोसला उशीर झाला की "आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल" म्हणून घाबरलेले आईवडील मी पाहिले आहेत. लहान मुलांच्या नेहमीच्या लसींत तसं करावं लागत नाही, जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. अपवाद वयाची वरची मर्यादा असलेल्या लसींचा. रोटाव्हायरसची लस ठरावीक वयानंतर देत नाहीत आणि ते वय देशागणिक बदलतं, म्हणून तिच्या ओळीत "शेवटची तारीख" असा वेगळा रकाना हवाच.

महिने म्हणजे गुणिले तीस, हा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही. नऊ महिने म्हणून 270 दिवस मिळवले तर वरच्या बाळाची तारीख येते 4 ऑक्टोबर. खरे नऊ महिने 8 ऑक्टोबरला भरतात. गोवराची लस किमान वय भरायच्या आत द्यायची नसते, तिथे हे चार दिवस महत्त्वाचे आहेत. आठवड्यांसाठी दिवस मिळवा, महिन्यांसाठी हे वापरा:

```
=EDATE($G$1,9)
```

उत्तर 45573 असं दिसलं तर सूत्र चुकलेलं नाही, फक्त त्या रकान्याला तारखेचा फॉरमॅट द्या.

"झालं" अशी टिकमार्क करू नका, तारीख लिहा. लसीचं ब्रँडनाव आणि बॅच नंबरही लिहा, कारण रोटाव्हायरसच्या एका ब्रँडचे दोन डोस असतात तर दुसऱ्याचे तीन. तारीख 2024-04-04 अशीच टाइप करा. 5/4 चा मे की एप्रिल हा घोळ कुठलाही एरर न देता होतो. तारीख रकान्यात डावीकडे चिकटली असेल तर शीटने ती मजकूर म्हणून घेतली आहे असं समजा.

साधी सर्दी हे लस पुढे ढकलायचं कारण नाही. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना ठरवू द्या.

आता तपासणीच्या नोंदी. इथे लोक फक्त आकडे लिहितात आणि तो कसा मोजला हे सोडून देतात. एका मैत्रिणीने रडवेल्या आवाजात फोन केला होता, मुलाची उंची दोन महिन्यांत वाढली तर नाहीच, उलट थोडी कमी झाली म्हणून. आधीचं माप दोन वर्षांच्या आतलं होतं, बाळाला झोपवून घेतलेलं. नंतरचं उभं करून. झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण 0.7 सेंटिमीटर जास्त भरते. त्यात बाळ जरा वळवळलं तर आणखी फरक पडतो. मुलगा ठणठणीत होता. तेव्हापासून मी उंचीच्या शेजारी "झोपून" किंवा "उभं" असा शब्द लिहितेच. डोक्याचा घेर दोन वर्षांपर्यंत आणि वजन प्रत्येक भेटीला लिहा. वजनाशेजारी कपडे होते की नाही तेही टाका.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वयं लागतात. लसींसाठी खरी जन्मतारीख धरतात, आठ आठवडे लवकर आलेल्या बाळालाही सहा आठवड्यांची लस जन्मापासून सहा आठवड्यांनीच. फार कमी वजन असेल तर जन्माच्या वेळच्या लसींबाबत डॉक्टर वेगळं सांगू शकतात. वाढ आणि विकास बघताना मात्र ते आठ आठवडे वजा करायचे, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. हे वजा केलेलं वय चुकून लसीच्या सूत्रात शिरलं की प्रत्येक डोस दोन महिने मागे पडतो. म्हणून मी ते वेगळ्या पानावर ठेवते.

रिमाइंडर मी दोन लावते. एक सात दिवस आधी, वेळ ठरवायला आणि रजा टाकायला. दुसरा ठरल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी, "D भरला का?" एवढाच. तारीख आणि ब्रँड भरून, कार्डाचा फोटो शीटला जोडल्याशिवाय तो रिमाइंडर मी बंद करत नाही.